31 की 139?

परीक्षेचा हंगाम आला की मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या उत्तरपत्रिकांमध्ये एक आकडा मला हमखास भेटतो. प्रश्न असा असतो: एका कारखान्यात आज 650 माणसं आहेत. पुढच्या वर्षी 681 लागणार आहेत. सोबत एक तक्ता दिलेला असतो. कोणत्या हुद्द्यावरचे किती जण वर्षभरात तिथेच राहतात, किती जण बढती मिळून वर जातात आणि किती जण कारखाना सोडतात, हे त्यात असतं. मग विचारलेलं असतं की बाहेरून किती भरती करावी लागेल? विद्यार्थी 681 मधून 650 वजा करतो, 31 लिहितो आणि खाली दोन रेघा ओढतो.

उत्तर 139 आहे.

हा विद्यार्थी अभ्यास न केलेला नसतो. मागच्याच पानावर त्याने ई. डब्ल्यू. व्हेटर यांची 1967 सालची व्याख्या बिनचूक लिहिलेली असते. संस्था आज मनुष्यबळाच्या ज्या स्थितीत आहे, तिथून हव्या त्या स्थितीला कशी पोचेल हे ठरवण्याची प्रक्रिया म्हणजे मनुष्यबळ नियोजन, असा तिचा मथितार्थ. ही व्याख्या पाठ असूनही वजाबाकी चुकते, कारण 'आजची स्थिती' म्हणजे स्थिर चित्र आहे असं तो धरून चालतो. प्रत्यक्षात ती वाहती असते. आजचे 650 पुढच्या वर्षी 650 राहणार नाहीत. कुणी निवृत्त होईल, कुणी शेजारच्या कंपनीत जाईल, कुणी गावाकडे परत जाईल. वजा करायचं ते आजच्या माणसांना नव्हे, तर पुढच्या वर्षीपर्यंत उरतील त्या माणसांना.

हा एकच कारखाना सावकाशीने सोडवून पाहू. आकडे परीक्षेतल्यासारखेच, सोयीचे घेतले आहेत. कारखाना चाकणच्या परिसरात कुठेही असू शकेल असा, मोटारींचे सुटे भाग बनवणारा. त्यात 10 विभागप्रमुख, 40 शिफ्ट इनचार्ज, 100 सुपरवायझर आणि 500 ऑपरेटर.

आधी मागणी, म्हणजे किती माणसं लागतील. मागणी माणसांकडे बघून काढायची नसते, कामाकडे बघून काढायची असते. हा कारखाना सध्या वर्षाला 14 लाख नग बनवतो आणि एका नगाला ऑपरेटरची 42 मिनिटं लागतात. म्हणजे वर्षाला 9 लाख 80 हजार तासांचं काम. आता एक ऑपरेटर वर्षाला किती तास देतो? साप्ताहिक सुट्ट्या आणि सणवार वगळले की साधारण 305 दिवस उरतात. त्यातले 25 दिवस रजा आणि गैरहजेरीत जातात असं धरलं तर 280 दिवस. पाळी आठ तासांची, पण चहा, जेवण, मशीनची सेटिंग आणि पाळीबदल यांत एक तास जातो. राहिले सात. 280 गुणिले 7 म्हणजे 1,960 तास. कामाच्या तासांना याने भागलं की बरोबर 500 ऑपरेटर येतात, म्हणजे आपला हिशेब जमिनीवर आहे.

पुढच्या वर्षीची ऑर्डर 10 टक्क्यांनी जास्त आहे, 15 लाख 40 हजार नगांची. गुणोत्तराने काढणारा म्हणेल, काम 10 टक्के वाढलं तर माणसं 10 टक्के वाढवा, 550 ऑपरेटर घ्या. पण त्याच वर्षी नवी मशीन येणार आहेत आणि नगाला 42 ऐवजी 40 मिनिटं लागतील, हेही प्रश्नात एका ओळीत सांगितलेलं असतं. मग काम होतं सुमारे 10 लाख 26 हजार 667 तासांचं, आणि 1,960 ने भागलं की 523.8. माणूस पूर्णांकातच घ्यावा लागतो, म्हणून 524. गुणोत्तराची पद्धत झटपट आहे, पण कालचं काम ज्या रीतीने होत होतं त्याच रीतीने उद्याही होणार असं ती गृहीत धरते. कामाची रीत बदलणार असेल तिथे कामाचे तासच मोजावे लागतात.

याच टप्प्यावर दुसरी एक चूक होते आणि ती प्रत्यक्ष कारखान्यात जास्त महागात पडते. कुणी 365 दिवसांना आठ तासांनी गुणतो, 2,920 काढतो आणि त्याने भागतो. उत्तर येतं 352. कागदावर हे उत्तर छान दिसतं, माणसं कमी लागतात म्हणून वरचे साहेबही खूश होतात. पण वर्षातला एकही दिवस रजेवर न जाणारा आणि एक मिनिटही न थांबणारा माणूस त्यात धरलेला असतो. ही चूक ओळखायला नवं गणित लागत नाही. हाच भागाकार चालू वर्षाच्या आकड्यांवर करून बघायचा. 9 लाख 80 हजारांना 2,920 ने भागलं तर 336 येतात, आणि प्रत्यक्षात तर 500 जण काम करत आहेत. जी पद्धत आजचं चित्र सांगू शकत नाही, तिच्यावर उद्याचं चित्र सोपवायचं नाही. मी विद्यार्थ्यांना हा पडताळा उत्तरपत्रिकेच्या समासात करायला सांगते. मिनिटभर लागतो.

ऑपरेटर ठरले की वरचे हुद्दे गुणोत्तराने काढता येतात, कारण एका सुपरवायझरला किती माणसं सांभाळता येतात हे सहसा नव्या मशीनमुळे लगेच बदलत नाही. सध्या पाच ऑपरेटरमागे एक सुपरवायझर आहे, म्हणून 105. अडीच सुपरवायझरमागे एक शिफ्ट इनचार्ज, म्हणून 42. विभाग तेवढेच राहणार, म्हणून विभागप्रमुख 10. एकूण 681.

आता पुरवठा. इथे नजर कामावरून माणसांवर वळवायची. नेट परीक्षेत वस्तुनिष्ठ प्रश्न येतात, त्यात चार पद्धती देऊन यातली मागणीची कोणती आणि पुरवठ्याची कोणती असं विचारतात, आणि मुलं याद्या पाठ करतात. पाठ करायची गरज नाही. ही पद्धत काम मोजते की माणसं मोजते, एवढंच स्वतःला विचारावं. कामाचा वेळ मोजणं, उत्पादनाशी गुणोत्तर लावणं, तज्ज्ञांना एकमेकांची नावं न कळू देता फेरीफेरीने अंदाज विचारणारी डेल्फाय पद्धत, या सगळ्या काम किती असेल याकडे बघतात. कौशल्यांची नोंदवही, कोणाच्या जागी कोण याचा तक्ता आणि मार्कोव्ह विश्लेषण ही माणसं कोण आणि किती उरतील याकडे बघतात.

आपल्या प्रश्नातला तक्ता हा मार्कोव्हचा. मागच्या तीन वर्षांच्या नोंदींवरून सरासरी काढलेली असते:

| हुद्दा | आज | तिथेच राहतील | वर जातील | सोडून जातील |
|---|---|---|---|---|
| विभागप्रमुख | 10 | 80% | – | 20% |
| शिफ्ट इनचार्ज | 40 | 75% | 10% | 15% |
| सुपरवायझर | 100 | 70% | 10% | 20% |
| ऑपरेटर | 500 | 80% | 4% | 16% |

प्रत्येक आडव्या ओळीची बेरीज 100 टक्के आली पाहिजे, कारण प्रत्येक माणूस या तिन्हींपैकी कुठेतरी असणारच. ती आली नाही तर तक्ता उतरवताना चूक झाली आहे. पुढे टक्क्यांची माणसं करायची आणि प्रत्येक हुद्द्यावर राहिलेले आणि खालून आलेले यांची बेरीज घ्यायची. विभागप्रमुख: राहिलेले 8 आणि खालून आलेले 4, मिळून 12. शिफ्ट इनचार्ज: 30 आणि 10, मिळून 40. सुपरवायझर: 70 आणि 20, मिळून 90. ऑपरेटर: 400, कारण त्यांच्या खाली कोणी नाही. एकूण उरले 542. सोडून गेलेले 2, 6, 20 आणि 80, म्हणजे 108. 650 मधून 108 गेले की 542, हिशेब जुळला.

681 मधून 542 वजा केले की 139. विद्यार्थ्याच्या 31 मध्ये हे 108 जण कुठेच नव्हते.

हा तक्ता ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते आंद्रेई मार्कोव्ह रशियन गणिती होते आणि कारखान्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. 1913 साली त्यांनी पुश्किनच्या 'येवगेनी अनेगिन' या काव्यातली पहिली 20 हजार अक्षरं घेतली आणि स्वरानंतर स्वर किती वेळा येतो, व्यंजन किती वेळा येतं, हे हाताने मोजलं. पुढचं अक्षर कसलं येईल हे आत्ताच्या अक्षरावर अवलंबून असतं, असं त्यांना दाखवायचं होतं. साखळी म्हणतात ती हीच. मला ही गोष्ट वर्गात सांगायला फार आवडते, कारण या पद्धतीची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही तिथेच दिसतात. मार्कोव्हची साखळी एवढंच विचारते की तू आत्ता कुठे आहेस? तू इथे किती दिवस आहेस, कुठून आलास, हे ती विचारत नाही. अक्षरांच्या बाबतीत तेवढ्यावर भागतं. माणसांच्या बाबतीत भागत नाही.

आपल्या ऑपरेटरांच्या 16 टक्क्यांत डोकावून पाहू. वर्षाच्या सुरुवातीला 500 ऑपरेटर होते. त्यांतले 100 जण नवे, ज्यांचं पहिलं वर्षही भरलेलं नव्हतं, आणि 400 जुने. सोडून गेलेल्या 80 पैकी 50 नव्यांतले आणि 30 जुन्यांतले होते. म्हणजे नव्यांत गळती 50 टक्के आणि जुन्यांत साडेसात टक्के. 16 टक्के हा आकडा दोन्ही गटांपैकी कोणाचंच खरं सांगत नाही. 1950 साली राइस, हिल आणि ट्रिस्ट या तिघांनी लंडनच्या ग्लेशियर मेटल कंपनीतल्या नोंदींवरून हीच गोष्ट मांडली होती. त्यांनी नोकरीचे तीन टप्पे पाडले. रुजू झाल्यावरचा संकटाचा काळ, मग चाचपडत रुळण्याचा काळ आणि शेवटी स्थिरावण्याचा काळ. सगळ्यात जास्त माणसं पहिल्या टप्प्यात जातात.

आता हे आपल्या हिशेबाला जोडलं की काय होतं ते बघा. पुढच्या वर्षी 524 ऑपरेटर हवेत आणि 400 उरणार आहेत, म्हणून 124 नवे घेतले. हे 124 वर्षअखेरीस हजर आहेत असं धरू. त्याच्या पुढच्या वर्षी तक्ता म्हणेल 524 च्या 16 टक्के, म्हणजे 84 जण जातील. पण यात नवे 124 आहेत. त्यांतले निम्मे, 62 जातील. उरलेल्या 400 जुन्यांतले 30 जातील. एकूण 92. आठ माणसांचा फरक लहान वाटतो, पण कारखाना दरवर्षी वाढत असेल तर नव्यांचं प्रमाण वाढत जातं आणि गळतीचा टक्का आपोआप चढतो. त्या वेळी व्यवस्थापन म्हणतं की 'हल्लीच्या मुलांना टिकायचंच नाही'. प्रत्यक्षात मुलं तीच असतात, फक्त नव्यांचा वाटा मोठा झालेला असतो. शिवाय भरती केलेल्यांपैकी काही जण त्याच वर्षात, शिलकीचा दिवस येण्यापूर्वीच जातात, आणि ते या तक्त्यात कधीच दिसत नाहीत, कारण तक्ता फक्त वर्षाच्या पहिल्या दिवशी हजर असलेल्यांना मोजतो. म्हणून 124 हवे असतील तर 124 नेमणूकपत्रं काढून चालत नाही.

हे पकडण्यासाठी दोन वेगळे आकडे बघावे लागतात. एक गळतीचा निर्देशांक, म्हणजे वर्षात सोडून गेलेले भागिले सरासरी कर्मचारी, गुणिले 100. दुसरा स्थैर्याचा निर्देशांक, म्हणजे आज ज्यांची एक वर्षाहून जास्त नोकरी झाली आहे ते, भागिले वर्षापूर्वीचे एकूण कर्मचारी, गुणिले 100. पहिला आकडा फुगलेला आणि दुसराही चांगला असेल, तर त्याच त्या मोजक्या जागा पुन्हा पुन्हा रिकाम्या होत आहेत असं समजावं. मग शोध भरतीच्या आणि पहिल्या तीन महिन्यांच्या वागणुकीत घ्यायचा. दोन्ही वाईट असतील तर जुनी माणसंही उठून चालली आहेत आणि कारण पगारात किंवा वरिष्ठांत आहे. परीक्षेत ही दोन सूत्रं वेगवेगळ्या गुणांसाठी विचारतात. एकमेकांशेजारी ठेवून वाचली तर ती बोलतात.

आता पुन्हा आपल्या उत्तराकडे. विभागप्रमुख 12 उरले आणि हवेत 10. दोन जास्त. उत्तरपत्रिकेत यापुढे 'अधिशेष दोन, कपात करावी' असं लिहिलेलं मी वाचलं आहे आणि प्रत्येक वेळी मला वाईट वाटतं. कोणत्या कारखान्यात खुर्ची रिकामी नसताना माणसाला विभागप्रमुख करतात? मार्कोव्हचा तक्ता खालून ढकलतो. इतके टक्के वर जातातच असं म्हणतो, वर जागा आहे की नाही बघत नाही. खऱ्या बढत्या वरून ओढल्या जातात. वरची जागा रिकामी होते, तिथे खालचा जातो, त्याची जागा रिकामी होते, तिथे त्याच्या खालचा. मनुष्यबळाच्या गणितात या दोन्ही रीतींना स्वतंत्र प्रारूपं आहेत आणि चांगल्या उत्तरात दुसरी रीतही वापरून दाखवता येते.

वरून सुरुवात करू. 10 विभागप्रमुखांतले 2 जातील, म्हणून खालून 2 च जण घ्यायचे. शिफ्ट इनचार्ज 40, त्यांतले 6 सोडून गेले आणि 2 वर गेले, उरले 32. हवेत 42, म्हणून सुपरवायझरांतून 10 घ्यायचे. सुपरवायझर 100, त्यांतले 20 सोडून गेले, 10 वर गेले, उरले 70. हवेत 105, म्हणजे 35 ची तूट. ऑपरेटरांतून नेहमीच्या वेगाने 20 जण वर येतील, 15 बाहेरून. ऑपरेटर 500, त्यांतले 80 सोडून गेले, 20 वर गेले, उरले 400. बाहेरून 124. एकूण बाहेरची भरती 15 आणि 124, म्हणजे पुन्हा 139. बेरीज तीच, पण आता कुणी जास्त नाही. खरी अडचण कुठे आहे तेही लख्ख दिसतं. विभागप्रमुखांत काहीच बिघडलेलं नाही. सुपरवायझरचा हुद्दा वर्षभरात तिसऱ्या भागाने रिकामा होतो आहे, कारण तिथून माणसं वरही जातात आणि बाहेरही.

आणि एक गोष्ट आकड्यांच्या बाहेर राहते. ढकलणाऱ्या हिशेबात चार शिफ्ट इनचार्ज वर जाणार होते, ओढणाऱ्या हिशेबात दोन. मागची तीन वर्षं दरवर्षी चार जणांना बढती मिळत आली असेल, तर उरलेले दोघे वाट बघत असणार. त्यांना या वर्षी जागा नाही हे कळलं की शिफ्ट इनचार्जचा 15 टक्के गळतीचा आकडा 15 राहील याची खात्री देता येत नाही.

इथे आपण टक्क्यांच्या हद्दीवर येऊन पोचतो. 500 ऑपरेटरांसाठी 16 टक्के म्हणजे 80, आणि निव्वळ योगायोगाने फरक पडला तरी आकडा साधारण 64 ते 96 च्या दरम्यान राहतो. नियोजन करायला तेवढं पुरतं. पण 10 विभागप्रमुखांचे 20 टक्के म्हणजे 2, या आकड्यावर काही उभारता येत नाही. प्रत्येकाची जाण्याची शक्यता 20 टक्के धरली, तर नेमके दोनच जण जाण्याची शक्यता जेमतेम 30 टक्के भरते. एकही न जाण्याची शक्यता सुमारे 11 टक्के आहे आणि चार किंवा जास्त जण जाण्याची 12 टक्के. दहा माणसांच्या बाबतीत सरासरी विचारण्यापेक्षा दहा फायली उघडाव्यात. जन्मतारीख तिथे लिहिलेलीच असते. मोठ्या संख्येला टक्के लावायचे आणि मोजक्या जागांना नावं. नावं लावण्याचं ते काम म्हणजे सक्सेशन प्लॅनिंग, आपल्या शब्दांत वारसदारांचं नियोजन. पुस्तकात ते वेगळ्या प्रकरणात असतं, म्हणून मुलांना ते वेगळंच वाटतं. खरं तर पुरवठ्याच्या हिशेबाचाच तो वरचा मजला आहे.

नोकरीच्या सुरुवातीला मी एका कारखान्याच्या पर्सोनेल विभागात होते. तिथल्या टूल रूमचे प्रमुख 58 वर्षांचे होऊन निवृत्त झाले. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांची जन्मतारीख तीसेक वर्षं आमच्याच कपाटात होती. कोणाच्या जागी कोण याचा तक्ताही आमच्याकडे होता, रिप्लेसमेंट चार्ट, भिंतीवर लावलेला, व्यवस्थित चौकटी आखलेला. प्रत्येक प्रमुखाच्या खाली एक किंवा दोन नावं, शेजारी खूण: आत्ता तयार, एक-दोन वर्षांत तयार. टूल रूमच्या चौकटीत नाव होतं. पण तेच नाव प्रेस शॉपच्या चौकटीत होतं आणि मेंटेनन्सच्याही. प्रेस शॉपचे प्रमुख चार महिने आधी गेले तेव्हा तो गुणी माणूस तिकडे गेला. दादा निवृत्त झाल्यावर टूल रूमला वारस उरला नाही. कोणत्या डायखाली कुठे किती जाडीची शिम घालायची, कोणती डाय किती ठोक्यांनंतर धार मागते, हे दादांच्या डोक्यात होतं. पुढचे सहा महिने डायची कामं बाहेरच्या टूल रूमकडे पाठवावी लागली. दादांनी जाताना माझ्या टेबलाशी येऊन विचारलं होतं, 'ताई, माझ्यानंतर कोण?' मी चार्टकडे बोट दाखवलं होतं. ते मला आजही सलतं.

त्या चार्टवर भरलेल्या चौकटी मोजल्या तर सगळ्या भरलेल्या होत्या. मोजायला हवी होती वेगवेगळी नावं. दहा चौकटींत नावं सहाच असतील तर वारस सहाच आहेत. ही एक मोजणी विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. दुसरी त्याहून महत्त्वाची. मागच्या तीन-चार वर्षांत ज्या जागा रिकाम्या झाल्या, त्यांतल्या किती जागांवर चार्टमधलाच माणूस प्रत्यक्ष बसला? पाचपैकी एकाच जागी बसला असेल तर चार्ट कोणी वापरत नाही, दर एप्रिलला तो नुसता नव्याने छापला जातो.

परीक्षेत रिप्लेसमेंट आणि सक्सेशन यांतला फरक विचारतात, तो इथेच आहे. रिप्लेसमेंट चार्ट एवढंच विचारतो की उद्या हा माणूस आला नाही तर त्याच्या खुर्चीवर कोण बसेल? वारसदारांचं नियोजन विचारतं की तीन वर्षांनी या जागेचं काम काय असेल, ते करायला काय यावं लागेल, आणि कोणाला ते आतापासून शिकवायचं? पहिल्याला नाव पुरतं. दुसऱ्याला नावासोबत तारखा आणि कामं लागतात. कोणत्या महिन्यात त्या माणसाकडे कोणती जबाबदारी, किती दिवस, आणि ती कोण बघणार, हे त्यात लिहावं लागतं.

मोठ्या पातळीवर याची एक किंमत मोजावी लागते आणि तिचं ठळक उदाहरण जनरल इलेक्ट्रिकचं आहे. जॅक वेल्च यांच्या जागी कोण, यासाठी कंपनीने अनेक वर्षं आतल्या माणसांना पारखलं आणि शेवटी तीन नावं उरली: जेफ इमेल्ट, जेम्स मॅकनर्नी आणि रॉबर्ट नार्डेली. 2000 सालच्या नोव्हेंबरमध्ये इमेल्ट यांचं नाव जाहीर झालं. काही दिवसांतच नार्डेली होम डेपोचे आणि मॅकनर्नी थ्रीएमचे प्रमुख झाले. इमेल्ट यांनी सप्टेंबर 2001 मध्ये सूत्रं हाती घेतली, तोवर उरलेले दोघे दुसऱ्या कंपन्या चालवत होते. वारस तयार करणं आणि एकालाच निवडणं यांचा हा सरळ परिणाम आहे. तीन माणसं त्या जागेसाठी तयार केली, जागा एक होती, आणि तयार माणसाला बाजारात मागणी असतेच. आपल्या कारखान्यातले वाट बघणारे दोन शिफ्ट इनचार्ज आठवा. गोष्ट तीच आहे. कोणाला निवडलं यावर बाकीच्यांचं थांबणं अवलंबून असतं, म्हणून पुरवठ्याचा तक्ता निवडीच्या आधी केला असेल तर निवडीनंतर पुन्हा करावा लागतो. न निवडलेल्यांसाठी काय ठेवलं आहे, हे निवडीच्या आधीच ठरलेलं असावं लागतं.

दादांच्या टूल रूमसाठी काय करायला हवं होतं, हे मी पुढे वर्गात प्रश्न म्हणून घालू लागले. निवृत्तीला तीन वर्षं आहेत असं धरून लिहा, म्हणते. गेल्या वर्षी एका मुलीने अर्ध्या पानात उत्तर लिहिलं होतं. तिने प्रेस शॉपच्या चौकटीतलं नाव खोडून टूल रूमला वेगळा माणूस दिला होता, हुद्द्याने लहान, पण टूल रूममध्येच वाढलेला. पहिल्या वर्षी दादांच्या रजेच्या दिवसांत विभाग त्याच्याकडे. दुसऱ्या वर्षी नव्या डायच्या सगळ्या चाचण्या त्याच्या सहीने, दादा शेजारी उभे. तिसऱ्या वर्षी दादांनी प्रत्येक डायची वही त्याला तोंडी सांगायची आणि त्याने ती लिहून काढायची, शिमच्या जाडीसकट. शेवटच्या तीन महिन्यांत दादांनी टूल रूमच्या दाराबाहेर बसायचं आणि कोणी विचारलं तरच आत जायचं. आत किती वेळा जावं लागलं, ते रोज एका कागदावर मांडायचं.

तिने त्या कागदाचे रकानेही आखून दाखवले होते: तारीख, डायचा नंबर, काय अडलं, कोणी सोडवलं. मी तिला पूर्ण गुण दिले.